गच्चीवर खुर्ची, गच्चीवरची खुर्ची

एका मुलीने खुर्ची रंगवली, एवढीच घटना आहे. इंग्रजीत ती अशी सांगितली आहे: ‘द गर्ल पेंटेड द चेअर ऑन द टेरेस’. हे वाक्य मराठीत आणायला बसा, दुसऱ्याच शब्दाशी अडायला होईल. ‘मुलीने गच्चीवर खुर्ची रंगवली’ म्हणायचं, की ‘मुलीने गच्चीवरची खुर्ची रंगवली’? पहिल्या वाक्यात रंगकाम गच्चीवर झालं; खुर्ची एरवी बैठकीच्या खोलीतली असेल. दुसऱ्या वाक्यात खुर्ची गच्चीवरची आहे. तिला खाली अंगणात आणून रंग दिला असेल. मराठीला हा फरक दाखवायला एक ‘ची’ लागते. इंग्रजी वाक्यात मात्र एकही अक्षर बदलत नाही, शब्दांचा क्रमही तोच राहतो, आणि तरी इंग्रजी बोलणाऱ्याला दोन्ही अर्थ कळतात. याचा अर्थ त्याच्या मनात या सात-आठ शब्दांची बांधणी दोन वेगळ्या प्रकारांनी होत असली पाहिजे. ती बांधणी कागदावर दाखवायची रीत म्हणजे वाक्यवृक्ष, आणि ही पुस्तिका तो काढायला शिकवण्यासाठी आहे.

पहिल्या वर्षाच्या वर्गात मी वृक्षांचा भाग शिकवायला घेते तेव्हा मुलं पट्टी आणि पेन्सिल काढतात. आकृती नीटनेटकी यावी ही त्यांची काळजी असते. मला त्यांना आधी एकच गोष्ट सांगायची असते: वृक्षातला प्रत्येक सांधा हे एक विधान आहे. दोन रेघा जिथे एकत्र येतात तिथे तुम्ही म्हणत असता की खालचे शब्द मिळून भाषेत एक गट होतो. ते विधान खरं किंवा खोटं असू शकतं, आणि खरं असेल तर त्याला पुरावा देता आला पाहिजे. या प्रस्तावनेत गच्ची आणि खुर्ची सोडून मी फारशी कुठे जाणार नाही. तेवढ्या सामग्रीवरही पुरावा म्हणजे काय ते पुरेसं दिसतं.

आधी गच्ची बाजूला ठेवून निव्वळ ‘द गर्ल पेंटेड द चेअर’ घेऊ. पुष्कळजण वरून सुरुवात करतात, एस लिहितात, त्याला फांद्या काढतात आणि शेवटी शब्द कसेतरी बसवतात. मी उलटं सांगते. शब्द कागदाच्या तळाशी एका ओळीत, मोकळं अंतर ठेवून लिहा. प्रत्येकाच्या डोक्यावर त्याचा वर्ग लिहा: ‘द’ निर्धारक, म्हणजे डेट, ‘गर्ल’ आणि ‘चेअर’ नामं, म्हणजे एन, ‘पेंटेड’ क्रियापद, म्हणजे व्ही. मग शेजारशेजारचे कोणते शब्द एक गट होतात ते पाहा. ‘द चेअर’च्या जागी ‘इट’ ठेवता येतं: ‘द गर्ल पेंटेड इट’. ‘द गर्ल’च्या जागी ‘शी’ येतं. म्हणून हे दोन नामपदबंध, एनपी. ‘पेंटेड द चेअर’च्या जागी ‘डिड सो’ येतं: ‘द गर्ल पेंटेड द चेअर अँड द बॉय डिड सो टू’. म्हणून तो क्रियापदबंध, व्हीपी. उरलं एनपी आणि व्हीपी यांना एसखाली जोडणं.

```
            S
         /     \
       NP        VP
      /  \      /   \
    Det   N    V     NP
     |    |    |    /  \
     |    |    |  Det   N
     |    |    |   |    |
    the girl painted the chair
```

‘गर्ल पेंटेड’ हेही शेजारचेच शब्द आहेत, पण त्या दोघांच्या जागी येईल असा एकही शब्द इंग्रजीत नाही, ते दोघं मिळून वाक्यात कुठे हलत नाहीत, आणि ‘काय?’ किंवा ‘कोण?’ या प्रश्नाचं उत्तर म्हणून ते जोडीने उभे राहत नाहीत. म्हणून त्यांच्यावर सांधा काढायचा नाही.

इथे एक चूक दरवर्षी होते, आणि ती आपल्या शाळेतल्या वाक्यपृथक्करणातून येते. तिथे उद्देश्य, विधेय, कर्म असे रकाने भरायची सवय लागलेली असते, म्हणून वृक्षातही एनपीच्या जागी ‘कर्ता’ किंवा ‘कर्म’ लिहिलं जातं. अमेरिकेत १८७७ साली रीड आणि केलॉग यांनी शालेय इंग्रजी व्याकरणात वाक्यांच्या रेखाकृती आणल्या, त्यांची दृष्टीही बरीचशी अशीच होती: शब्द वाक्यात कोणतं काम करतो ते रेघांनी दाखवायचं. आपल्या वृक्षात सांध्यावर येतो तो गटाचा प्रकार. ‘द चेअर’ कुठेही गेला तरी एनपीच राहतो. तो एसच्या थेट खाली असला की कर्ता, व्हीपीत क्रियापदाच्या शेजारी असला की कर्म. काम जागेवरून वाचता येतं, त्यासाठी वेगळं लेबल लागत नाही.

गटांनी विचार करायची ही पद्धत अमेरिकन वर्णनात्मक भाषाविज्ञानातून आली. लेनर्ड ब्लूमफील्ड यांनी १९३३च्या ‘लँग्वेज’ या ग्रंथात ‘पुअर जॉन रॅन अवे’ या वाक्याचे आधी ‘पुअर जॉन’ आणि ‘रॅन अवे’ असे दोन तुकडे पाडून दाखवले आणि अशा तुकड्यांना निकट घटक म्हटलं. नोम चॉम्स्की यांनी १९५७च्या ‘सिंटॅक्टिक स्ट्रक्चर्स’मध्ये हेच तुकडे नियमांच्या रूपात मांडले: एस म्हणजे एनपी आणि व्हीपी, व्हीपी म्हणजे व्ही आणि एनपी, याप्रमाणे. वृक्ष म्हणजे त्या नियमांचा कागदावर उमटलेला मागच. नात्यांचे शब्दही रूढ झाले आहेत. वरचा सांधा आई, खालचे तिच्या मुली, एकाच आईच्या मुली एकमेकींच्या बहिणी. प्रत्येक सांध्याला आई एकच असते, एसला आई नसते, आणि रेघा एकमेकींना छेदत नाहीत.

आता गच्ची परत आणू. ‘ऑन द टेरेस’ हा शब्दयोगी पदबंध आहे: ‘ऑन’ हे पी, ‘द टेरेस’ हा एनपी, दोघं मिळून पीपी. त्याबद्दल वाद नाही. या पीपीची आई कोण, हा खरा प्रश्न आहे. गच्चीवरची खुर्ची हवी असेल तर पीपी खुर्चीच्या एनपीत गेला पाहिजे. रंगकाम गच्चीवर हवं असेल तर तो एनपीच्या बाहेर, व्हीपीत राहिला पाहिजे. वृक्ष प्रत्येक वेळी पूर्ण काढायला जागा लागते, म्हणून तीच माहिती चौकटी कंसांतही लिहितात. प्रत्येक कंसजोडी म्हणजे एक सांधा, आणि उघडणाऱ्या कंसालगत त्याचं लेबल.

```
[S [NP the girl] [VP [V painted] [NP [NP the chair] [PP on the terrace]]]]

[S [NP the girl] [VP [VP [V painted] [NP the chair]] [PP on the terrace]]]
```

पहिली ओळ ‘गच्चीवरची’ची, दुसरी ‘गच्चीवर’ची. वृक्ष काढून देणारी सॉफ्टवेअर असेच कंस मागतात. कंस उघडले तितकेच मिटले आहेत ना, हे मोजायची सवय हाताने लिहितानाच लावून घ्या.

वाक्य द्व्यर्थी आहे म्हणून दोन वृक्ष काढले, एवढ्यावर थांबू नका. वृक्ष बरोबर असतील तर त्यांच्यातून काही भाकितं निघायला हवीत, आणि ती तपासता आली पाहिजेत. पहिल्या वृक्षात ‘द चेअर ऑन द टेरेस’ एक गट आहे, दुसऱ्यात नाही. मग कर्मणी प्रयोगात हा सगळा गट उचलून वाक्याच्या सुरुवातीला नेला तर फक्त पहिला अर्थ उरायला हवा. करून पाहा: ‘द चेअर ऑन द टेरेस वॉज पेंटेड बाय द गर्ल’. खरोखरच गच्चीवरची खुर्चीच उरते, रंग कुठे दिला ते कळत नाही. उलट फक्त ‘द चेअर’ उचलला तर ‘द चेअर वॉज पेंटेड ऑन द टेरेस’, आणि गच्ची रंगकामाची जागा झाली. ‘शी पेंटेड इट ऑन द टेरेस’ या वाक्यातही तेच, कारण ‘इट’ने एनपीची जागा पूर्ण भरली, पीपीला आत शिरायला वाव उरला नाही. दुसऱ्या वृक्षात ‘पेंटेड द चेअर’ हा आतला छोटा व्हीपी आहे, म्हणून त्याच्या जागी ‘डिड सो’ बसायला हवं: ‘द गर्ल पेंटेड द चेअर ऑन द टेरेस अँड द बॉय डिड सो इन द यार्ड’. बसतं. मुलाने अंगणात खुर्ची रंगवली.

मराठीची ‘ची’ तुमच्या कानाला इथे मोठी मदत करते, आणि ती घ्यायला मी विद्यार्थ्यांना आवर्जून सांगते. इंग्रजी वाक्य मराठीत सांगून पाहा. पीपीचं भाषांतर करताना ‘-चा, -ची, -चं’ किंवा ‘-तला, -तली, -तलं’ आपोआप लागलं, तर तो नामाशी बांधलेला असण्याचा संभव आहे. पण हा फक्त इशारा आहे. मराठीने तुम्हाला अर्थ सांगितला, इंग्रजीची बांधणी सांगितली नाही. ती इंग्रजीच्याच कसोट्यांवर ठरवायला हवी. हा इशारा कुठे तोकडा पडतो ते एका क्रियापदाच्या बदलाने दिसतं.

‘द गर्ल पुट द चेअर ऑन द टेरेस’. मराठीत ‘मुलीने गच्चीवर खुर्ची ठेवली’. ‘ची’ नाही, म्हणून मराठी कान सांगतो की हा वृक्ष वरच्या दुसऱ्या वृक्षासारखा असणार. पण ‘द गर्ल पेंटेड द चेअर’ पूर्ण वाक्य आहे, तर ‘द गर्ल पुट द चेअर’ अर्धवट राहतं. आणि ‘द गर्ल पुट द चेअर ऑन द टेरेस अँड द बॉय डिड सो इन द यार्ड’ हे इंग्रजी बोलणाऱ्याला पटत नाही. अशा न पटणाऱ्या वाक्याआधी भाषावैज्ञानिक तारा काढतात. ‘डिड सो’ला इथे ‘पुट द चेअर’ एवढाच तुकडा उचलता येत नाही, म्हणजे तो तुकडा गट नाहीच. पीपी थेट क्रियापदाची बहीण आहे:

```
[S [NP the girl] [VP [V put] [NP the chair] [PP on the terrace]]]
```

‘पेंट’ला गच्ची चालते, ‘पुट’ला जागा लागतेच. पहिल्या प्रकारच्या पदबंधाला विशेषक म्हणतात, दुसऱ्याला पूरक. कोणत्या क्रियापदाला कोणती पूरकं हवीत ही माहिती नियमांत मावत नाही. ती त्या क्रियापदाबरोबर शब्दकोशात नोंदवावी लागते, आणि चॉम्स्की यांच्या १९६५च्या ग्रंथात तिची व्यवस्था लावलेली आहे. तुमच्यासाठी व्यवहारातला धडा असा की क्रियापदानंतर एनपी आणि पीपी दिसले की तीन शक्यता समोर ठेवायच्या: पीपी नामाच्या पोटात, पीपी क्रियापदाची बहीण, किंवा पीपी छोट्या व्हीपीची बहीण.

मी वर दिलेल्या पहिल्या कंसरचनेकडे आता परत येऊ या, कारण तिच्यात एक दोष आहे आणि तो मी मुद्दाम राहू दिला. तिच्यात ‘द चेअर’ हा एनपी आणि त्याला जोडलेला पीपी मिळून मोठा एनपी होतो. सुरुवातीच्या अनेक वृक्षांत हे असंच दाखवतात, आणि पानावर ते सरळ दिसतं. पण ‘द चेअर’ इथे खरोखर एनपी असेल तर त्याच्या जागी ‘इट’ यायला हवं: ‘इट ऑन द टेरेस वॉज पेंटेड’. हे इंग्रजी नाही. दुसरी कसोटी ‘वन’ची. ‘शी पेंटेड दिस चेअर ऑन द टेरेस अँड दॅट वन’ या वाक्यात, गच्चीवरच्या खुर्च्यांबद्दल बोलणं चाललं असेल तर, ‘वन’ म्हणजे ‘चेअर ऑन द टेरेस’. निर्धारक बाहेर, पीपी आत. आपल्या रचनेत नेमका हाच गट नाही. तिने ‘द’ आणि ‘चेअर’ आधी बांधले आणि पीपी नंतर जोडला. म्हणून सांधा हलवावा लागतो:

```
[NP [Det the] [N' [N' [N chair]] [PP on the terrace]]]
```

एन आणि एनपी यांच्या मधल्या या सांध्याला एन-बार म्हणतात. १९७०च्या सुमारास चॉम्स्की यांनी आणि १९७७च्या पुस्तकात रे जॅकेंडॉफ यांनी ही मधली पायरी सगळ्या प्रकारच्या पदबंधांसाठी मांडली. पुढे स्टीव्हन ॲबनी यांनी १९८७च्या प्रबंधात निर्धारकच या पदबंधाचा मुख्य आहे असा पक्ष मांडला, आणि तो मानणारे लोक एनपीच्या जागी डीपी लिहितात. पुढच्या वर्षी तुमच्या हातात वेगळं पुस्तक येईल आणि त्यातला वृक्ष या पुस्तिकेतल्यापेक्षा उंच असेल. तेव्हा दोघांपैकी कोणीतरी चुकलं असं लगेच समजू नका. कोणत्या कसोटीमुळे तो जादा सांधा आला, एवढं शोधा.

कसोट्यांचीही मर्यादा आहे. तिच्याकडे दुर्लक्ष झालं की हुशार विद्यार्थीसुद्धा घसरतात. ‘इट वॉज ऑन द टेरेस दॅट द गर्ल पेंटेड द चेअर’ हे वाक्य घ्या. यात पीपी पुढे आला आणि फक्त रंगकामाच्या जागेचा अर्थ उरला. यावरून एका विद्यार्थिनीने उत्तरपत्रिकेत लिहिलं होतं की ‘गच्चीवरची खुर्ची’ या अर्थात ‘ऑन द टेरेस’ हा गटच नसतो. तर्क सरळ वाटतो, पण चुकीचा आहे. दोन्ही वृक्षांत ‘ऑन द टेरेस’ गट आहेच. पहिल्यात तो एनपीच्या आत आहे, आणि एनपीच्या पोटातून विशेषक ओढून वाक्याच्या पुढे नेता येत नाही. म्हणजे कसोटी पार पडली तर गटाला पुरावा मिळतो. पार पडली नाही तर त्याचं कारण दुसरंही असू शकतं. उलट दिशेनेही फसगत होते. ‘अँड’ने जोडता येतं ते गट असतं, असं काही पुस्तकांत सांगतात. पण ‘द गर्ल पेंटेड अँड द बॉय पॉलिश्ड द चेअर’ हे चांगलं इंग्रजी आहे, आणि त्यात ‘द गर्ल पेंटेड’ जोडलं गेलं आहे, जे आपल्या वृक्षात गट नाही. म्हणून एका कसोटीवर सांधा काढू नका, दोन तरी घ्या. आणि त्या एकमेकींच्या विरोधात गेल्या तर तसं उत्तरात स्पष्ट लिहा. परीक्षक म्हणून मला असं उत्तर घाईघाईने काढलेल्या निश्चित वृक्षापेक्षा जास्त मोलाचं वाटतं.

पुस्तिकेतल्या शेवटच्या सरावांत पीपी दोन-दोन येतात, म्हणून एकाची वाट इथेच दाखवून ठेवते. ‘द गर्ल पेंटेड द चेअर ऑन द टेरेस विथ ए क्रॅक’. अर्थ काय होतो याकडे क्षणभर पाहू नका, फक्त जागा मोजा. गच्ची खुर्चीला जोडली तर ‘विथ ए क्रॅक’ला तीन घरं मोकळी आहेत: गच्ची, खुर्ची किंवा व्हीपी. गच्ची व्हीपीला जोडली तर दोनच उरतात, गच्ची किंवा व्हीपी. एकूण पाच वृक्ष. सहावा, म्हणजे रंगकाम गच्चीवर आणि तडा मात्र खुर्चीला, काढायला गेलात की खुर्चीकडून तड्याकडे जाणारी रेघ गच्चीच्या रेघेला छेदते. आपला नियम तो वृक्ष नाकारतो. त्या वाक्याला तो अर्थ इंग्रजी बोलणारेही सहसा देत नाहीत. पीपी तीन झाले तर याच हिशेबाने वृक्ष चौदा होतात. तेवढे काढायची गरज नाही, पण पाच मात्र पाचही काढा, आणि प्रत्येकाशेजारी त्याचा अर्थ मराठीत लिहा.

रेघा छेदू द्यायच्या नाहीत हा नियम या पुस्तिकेतल्या साध्या वाक्यांना पुरतो. इंग्रजीत मात्र अशीही वाक्यं आहेत: ‘ए रिव्ह्यू अपिअर्ड यस्टरडे ऑफ द बुक’. ‘ऑफ द बुक’ अर्थाने ‘रिव्ह्यू’चा आहे, आणि मध्ये ‘अपिअर्ड यस्टरडे’ येऊन बसलं आहे. पेन्सिल घेऊन पाहा, रेघ छेदल्याशिवाय तो ‘रिव्ह्यू’पर्यंत पोहोचत नाही. अशा वाक्यात पदबंध आधी आपल्या जागी होता आणि मग उजवीकडे सरकला असं म्हणायचं, की रेघा छेदायला मुभा द्यायची, यावर वेगवेगळ्या सिद्धान्तांची वेगवेगळी उत्तरं आहेत. ती दुसऱ्या सत्रात येतील. तोवर याचंच मराठी रूप बोलताना ऐकत राहा: ‘परीक्षण छापून आलं काल, त्या पुस्तकाचं.’